लोणच्याचं तेल आणि चिंचेचे डाग: पिशव्या-फडक्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवणजवळच्या आमच्या घरून एप्रिल-मेमध्ये लोणचं, आमसुलं आणि नव्या चिंचेचे गोळे बाहेरगावी जातात. माल पोचला की आठवड्याभरात फोटो यायला लागतात. फोटोत लोणचं कमी आणि डाग पडलेली पिशवीच जास्त असते. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. सगळं सुती कापडाबद्दल आहे: मांजरपाटाच्या पिशव्या, हात पुसायचे टॉवेल, मसोती आणि बरणीचे दादरे. रेशमी किंवा टेरिकॉटच्या कपड्यांना हे नियम जसेच्या तसे लावू नका.

डाग आत्ताच पडलाय. सगळ्यात आधी काय करू?

चोळू नका. लोणचं सांडलं असेल तर खार आणि फोडी चमच्याने किंवा सुरीच्या बोथट बाजूने उचलून घ्या. मग डागाच्या खाली आणि वर जुनं कोरडं फडकं ठेवून नुसतं दाबा. फडक्याला तेल लागायचं थांबेपर्यंत फडक्याची जागा बदलत दाबत राहा. घरात तांदळाचं पीठ असेल तर डागावर जाड थर पसरून अर्धा तास ठेवा आणि झटका. पीठ फक्त ओलं, ताजं तेल शोषतं. दुसऱ्या दिवशी लावलेल्या पिठाचा काही उपयोग होत नाही.

चिंच सांडली असेल तर पीठ अजिबात नको, त्याची लापशी होऊन धाग्यात बसते. कोळ खरवडून काढा आणि कापड उलटं करून, डागाच्या मागच्या बाजूने साध्या पाण्याची धार सोडा. पुढून धार सोडली तर कोळ कापडात आणखी आत ढकलला जातो.

दोन्ही बाबतींत साबणाची वडी हातात घेण्याआधी त्या त्या डागाचं पुढचं उत्तर वाचा.

लोणच्याच्या डागाला साबण लावला आणि तो लालभडक झाला! कापड वाया गेलं का?

नाही. सर्वांत जास्त फोन याच प्रश्नासाठी येतात, आणि फोन करणारीचा आवाज रडवेला असतो. तो लाल रंग हळदीचा आहे. हळद आणि चुना एकत्र केला की कुंकू होतं हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. इथे चुन्याचं काम साबणातला किंवा धुण्याच्या सोड्यातला क्षार करतो. क्षार लागला की हळद लाल होते आणि आंबट लागलं की परत पिवळी. साबण पूर्ण खळबळून काढलात आणि वर लिंबाचे दोनचार थेंब पिळलेत तर डोळ्यांदेखत रंग उतरतो आणि आधीचा पिवळा डाग दिसतो.

म्हणजे लाल झाल्यामुळे डाग पक्का होत नाही. उलट क्षारात हळद पाण्यात थोडी जास्त सुटते, त्यामुळे लाल पाणी निघतंय तोवर धुण्यात फायदाच आहे. नुकसान होतं ते वेगळ्या कारणाने. घाबरून आपण कापड तसंच साबणासकट वाळत टाकतो किंवा लाल डाग घालवायच्या नादात ब्रशने घासघासून सुताचा जीव काढतो.

लोणच्याचा डाग म्हणजे एकावर एक बसलेल्या तीन गोष्टी असतात हे एकदा लक्षात आलं की पुढचं सोपं जातं. सर्वांत वर तेल असतं. त्या तेलात मिरचीचा केशरी रंग विरघळलेला असतो, तो तेलाबरोबर येतो आणि बऱ्यापैकी तेलाबरोबरच जातो. तिसरी हळद. ती सुताला स्वतःच धरते, म्हणून शेवटपर्यंत उरते. तेल अंगावर असेपर्यंत हळदीपर्यंत पाणी पोचत नाही. म्हणून आधी तेल, मग हळद. हा क्रम उलटा करून कुणाचा डाग गेलेला मी पाहिलेला नाही.

मग तेल काढायची नेमकी पद्धत काय?

भांडी घासायचं लिक्विड घ्या. वडी नको. वडीत सोडा असतो, त्याने वर सांगितलेला लाल प्रकार होतो, आणि घासण्यासाठी घातलेली बारीक पूड कापड झिजवते. लिक्विड तेलावर काम करायलाच बनवलेलं असतं.

कापड कोरडं असतानाच तळहाताएवढ्या डागाला एक छोटा चमचा लिक्विड लावा आणि बोटांनी दोन्ही बाजूंनी जिरवा. आधी पाण्यात बुडवलंत तर सूत पाणी पिऊन बसतं आणि लिक्विड तेलापर्यंत नीट पोचत नाही. पंधरा मिनिटं थांबा. मग हाताला जेमतेम सोसेल इतकं गरम पाणी थोडं थोडं घालून चोळा. आता पांढरा फेस केशरी व्हायला लागतो. तो केशरी रंग म्हणजे मिरची बाहेर पडतेय. फेस पांढराच राहीपर्यंत हे करा, बहुतेक वेळा दोन किंवा तीन वेळा लागतं. शेवटी भरपूर पाण्याने खळबळा.

इथपर्यंत गरम पाणी चालतं ते डाग फक्त लोणच्याचा आहे म्हणून. चिंच सोबत असेल तर "दोन्ही एकत्र" हा प्रश्न बघा.

तेल पूर्ण गेलं की नाही, कसं ओळखायचं? ओलं असताना तर डाग दिसतच नाही.

म्हणूनच फसगत होते. ओल्या कापडावर तेल दिसत नाही, वाळलं की पुन्हा हजर. कापड सावलीत वाळवा आणि खिडकीसमोर उजेडावर धरा. तेल असेल तिथे कापड कागदी पतंगासारखं अर्धपारदर्शक दिसतं. शंका असेल तर बोटाच्या टोकाने डागावर पाण्याचा एक थेंब सोडा आणि दुसरा थेंब डागापासून लांब. लांबचा थेंब लगेच पसरून जिरतो. डागावरचा थेंब मोत्यासारखा क्षणभर उभा राहिला, तर तेल अजून आहे. लिक्विडचा एक हात पुन्हा फिरवा.

एक अपवाद आहे. कोऱ्या, एकदाही न धुतलेल्या मांजरपाटावर थेंब सगळीकडेच उभा राहतो, कारण त्यात खळ आणि सुताचा मूळचा मेणचटपणा असतो. त्यावर ही परीक्षा चालत नाही.

ही खात्री होईपर्यंत इस्त्री करू नका. इस्त्रीच्या उष्णतेने उरलेलं तेल धाग्यात शिरून चिकट, पिवळं होतं आणि मग तो डाग नवा राहत नाही, जुन्या डागांत जमा होतो.

तेल गेलं, पण पिवळी झाक राहिलीच. आता?

आता ऊन. हळदीचा रंग उजेडात विरतो. यात चमत्कार काही नाही, हळदीतला रंग देणारा पदार्थच प्रकाशात मोडतो. कापड पुन्हा ओलं करा, डागाची बाजू आकाशाकडे ठेवून अंगणातल्या गवतावर किंवा पत्र्यावर पसरा आणि वाळलं की पाणी शिंपडा. मे महिन्यातल्या आमच्या अंगणात सकाळी दहाला टाकलेला टॉवेल संध्याकाळपर्यंत बराचसा पांढरा होतो. घट्ट डागाला दोन-तीन दिवस लागतात.

पत्रा गंजका नको. का, ते "काळा डाग" या प्रश्नात आहे.

सगळं खरं, पण जून ते सप्टेंबर आमच्याकडे ऊन असतं कुठे?

मान्य. रत्नागिरीत किंवा वेंगुर्ल्यात राहणाऱ्याला "उन्हात टाका" असं श्रावणात सांगणं म्हणजे चेष्टाच. तरी दोन गोष्टी करता येतात.

पहिली म्हणजे पडवीत, झडप येणार नाही पण आकाश दिसेल अशा जागी दांडीवर टाका. ढगाळ उजेडातही हळद विरते, फक्त दिवसाच्या कामाला आठवडा लागतो. पण ओलं कापड आठवडाभर राहिलं तर बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि ते हळदीपेक्षा चिवट असतात. म्हणून पावसाळ्यात कापड पुन्हा पुन्हा ओलं करत बसू नका, वाळलेलंच उजेडात राहू द्या.

दुसरी गोष्ट म्हणजे स्पिरिट किंवा हात पुसायचं सॅनिटायझर. हळद पाण्यात फारशी विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. डागाखाली पांढरं फडकं ठेवा, वरून कापसाच्या बोळ्याने सॅनिटायझर टिपा. खालचं फडकं पिवळं होत जातं, ते सरकवत राहा. रंगीत जेलपेक्षा पाण्यासारखं पातळ, बिनरंगी सॅनिटायझर बरं. हे काम चुलीपासून आणि गॅसपासून लांब, खिडकी उघडी ठेवून करा, कारण ते पटकन पेट घेतं.

चिंचेचा डाग कसा काढायचा? तोही तसाच ना?

अजिबात नाही. चिंचेत तेल नाही. तिच्यात आंबटपणा आहे, साखर आहे, चिकट गर आहे आणि तपकिरी तुरट रंग आहे. साखर, आंबट आणि गर साध्या पाण्यात जातात. उरतो तो तुरट रंग, चहाच्या डागाचा हा भाऊच. याला साबणाची वडी आणि सोडा हे दोन्ही शत्रू आहेत. क्षाराने तो आणखी गडद होतो आणि कपड्याच्या साबणाने सुतात घट्ट बसतो. आमच्याकडे चिंच फोडायच्या दिवसांत शेजारच्या काकू येतात, त्यांचं गाऱ्हाणं दर वर्षी एकच: "फडक्याचो डाग काय केल्यान जाणा नाय." आणि दर वर्षी त्यांनी आधी निळी वडी घासलेली असते.

आधी मागच्या बाजूने गार पाण्याची धार सोडा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग एक लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा भांड्यांचं लिक्विड आणि एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घालून कापड अर्धा तास भिजत ठेवा. व्हिनेगर नसेल तर अर्ध्या लिंबाचा रस चालतो. हलक्या हाताने चोळून खळबळा. ताजा डाग एवढ्यावर जातो. फिकी तपकिरी झाक उरली तर ऑक्सिजनवाल्या ब्लीचच्या पावडरीत भिजवा, त्याबद्दल ब्लीचच्या प्रश्नात लिहिलं आहे.

"चिंच तर स्वतःच आंबट, मग वर व्हिनेगर कशाला?" असं एका ताईंनी विचारलं होतं. चिंचेचा आंबटपणा पाण्याबरोबर केव्हाच निघून जातो, तुरट रंग मागे राहतो. पाणी थोडं आंबट ठेवलं की तो गडद होत नाही, एवढंच व्हिनेगरचं काम.

एकाच पिशवीत लोणचंही सांडलं आणि चिंचही. कुठून सुरुवात करू?

यावर आमच्या घरातलीच गोष्ट सांगते, कारण चूक माझी होती. मागच्या मेमध्ये नणंदबाई ठाण्याला निघाल्या. मी मांजरपाटाच्या पिशवीत अर्ध्या किलोची लोणच्याची बाटली आणि कागदात गुंडाळलेले चिंचेचे दोन गोळे दिले. झाकणाच्या आट्यांत कैरीची एक बारीक फोड अडकली होती, झाकण बसल्यासारखं वाटलं, बसलं नव्हतं. रात्रभर गाडीत बाटली आडवी. तेलाने कागद भिजला, कागद फाटला, आणि गोळ्यांचा ओला गर पिशवीच्या तळाला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला: "वहिनी, पिशवी टाकून देऊ का?"

लोणच्याला गरम पाणी आणि घासणं चालतं, चिंचेला नाही. चिंचेला साबण नको, लोणच्याला तर तेल काढणारं काहीतरी हवंच. दोघांनाही चालणारी गोष्ट एकच, भांड्यांचं लिक्विड. म्हणून सुरुवात तिथून.

त्यांनी पिशवी उलटी केली, तळाच्या शिवणीतले चिंचेचे धागे आणि मोहरीची डाळ टोकदार काडीने काढली. कोरड्या कापडावर लिक्विड जिरवायचा नियम इथे मोडावा लागला, कारण चिंचेचा गर आधी निघणं गरजेचं होतं. त्यामुळे पहिल्यांदा मागून गार पाणी, मग पाणी पिळून काढून लिक्विड दुप्पट, म्हणजे दोन छोटे चमचे, आणि वीस मिनिटं. धुतलं ते कोमट पाण्यात. हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा फेस पांढरा आला.

मग व्हिनेगरच्या पाण्यात अर्धा तास. तपकिरी डाग चहाच्या पाण्याइतका फिका झाला. रात्री पिशवी पंख्याखाली वाळवली आणि सकाळी उजेडावर धरली. मधला भाग स्वच्छ होता, पण तळाची शिवण अजून पारदर्शक दिसत होती. तिथे कापड दुहेरी असतं, शिवाय शिवणीचा दोरा बहुतेकदा सुती नसतो आणि तो मिरचीचं तेल धरून ठेवतो. फक्त शिवणीवर लिक्विडचा आणखी एक हात फिरवला आणि जुन्या टूथब्रशने शिवणीच्या दिशेने घासलं. त्यानंतर दोन दिवस गॅलरीत ऊन. पिवळं गेलं. शिवणीचा दोरा आजही फिका केशरी आहे, तो तसाच राहणार.

साबण आणि सोडा या सगळ्यात कुठेही आला नाही. शेवटी तपकिरी रंग पूर्ण गेल्यावर पिशवी नेहमीच्या कपड्यांबरोबर पावडरीत धुतली तर हरकत नाही.

चिंचेचा डाग तपकिरी होता, धुतल्यावर चक्क काळा झाला. असं कसं?

कुठेतरी लोखंड लागलं. चिंचेतला तुरट भाग आणि लोखंड एकत्र आले की शाईसारखा काळा-निळा रंग होतो. शोधा म्हणजे सापडेल: विळीच्या पात्याला पुसलेलं फडकं, गंजकी बादली, वाळत घालायची तार, पत्रा. कधी विहिरीच्या पाण्यातही लोह असतं. बादलीच्या तळाला तांबूस गाळ बसत असेल तर संशय तिथेच घ्या आणि डाग धुवायला प्यायचं गाळलेलं पाणी वापरा.

या डागावर ब्लीच कधीच नको, लोखंडाचा डाग त्याने पिवळा-तांबडा होऊन कायमचा बसतो. लिंबाचा रस आणि बारीक मीठ यांचा लेप लावून एक-दोन तास उन्हात ठेवा. वाळायला लागला की पुन्हा रस पिळा. मग भरपूर पाण्याने धुवा. दोन-तीन वेळा करावं लागतं. लिंबू कापडातच वाळू देऊन वर इस्त्री फिरवली तर सूत कुजल्यासारखं होतं आणि महिन्याभरात तिथेच भोक पडतं. म्हणून धुणं मनापासून.

चिंच लावून तांब्या-पितळेची भांडी घासली आणि ती फडक्याने पुसली, तर फडक्यावर हिरवट डाग येतात. तो तांब्याचा अंश. त्यालाही हेच लिंबू-मीठ.

आजी तुरटी लावायची, कोणी रॉकेल म्हणतं, कोणी राख. यातलं काय खरं?

तुरटी नको. कापड रंगवणारे रंग सुताला पक्का बसावा म्हणून तुरटी वापरतात, हळदीलाही आणि तुरट रंगांनाही. म्हणजे तुम्ही डाग काढत नाही, रंगकाम पुरं करता. आजी बहुधा पाणी निवळायला तुरटी फिरवत असणार आणि आपण ती गोष्ट भलत्या ठिकाणी लक्षात ठेवली.

रॉकेल तेल विरघळवतं हे खरं. पण वास जात नाही, पेटायची भीती असते, आणि ज्या फडक्याने आपण ताटं पुसतो त्याला रॉकेल कोण लावणार? राख म्हणजे क्षार. तेलाला थोडी चालते, हळद लाल करते, चिंच गडद करते. रिठ्याचं पाणी मात्र चांगलं, क्षार नसलेला फेस असतो. फक्त त्याचा स्वतःचा तपकिरी रंग पांढऱ्या टॉवेलवर उतरू शकतो, म्हणून गाळून आणि पातळ वापरा.

ब्लीच वापरू का?

दोन वेगळ्या वस्तूंना आपण ब्लीच म्हणतो. बाटलीतलं, तरणतलावासारख्या वासाचं ते क्लोरीनचं. ते फक्त पूर्ण पांढऱ्या सुती कापडाला, तेल गेल्यावर, एक लिटर गार पाण्यात दोन छोटे चमचे, पाच ते दहा मिनिटं. हळद त्यात झटक्यात जाते. त्याआधी लावलेलं लिंबू किंवा व्हिनेगर पूर्ण धुऊन काढा. ब्लीच आणि आंबट एकत्र आलं की विषारी वायू निघतो, आणि कोंदट न्हाणीघरात तो फार लवकर लागतो.

दुसरं म्हणजे ऑक्सिजनवालं पावडर ब्लीच. ते रंगीत कापडालाही बहुतेक चालतं आणि चिंचेच्या उरलेल्या झाकेवर चांगलं काम करतं. पाणी चांगलं गरम हवं, गार पाण्यात ते झोपलेलंच राहतं. प्रमाण पाकिटावर असतं तेवढंच, आणि चारेक तास भिजवणं.

पिशवी कोऱ्या मांजरपाटाची आहे, वर छापील नाव आहे. तिला हे सगळं चालेल?

लिक्विड, व्हिनेगर आणि कोमट पाणी चालेल. क्लोरीनचं ब्लीच नको. कोऱ्या मांजरपाटाचा सायीसारखा रंग मूळ सुताचा असतो. ब्लीच जिथे लागेल तिथे पांढरा चट्टा पडतो, आणि मग डागापेक्षा चट्टाच जास्त दिसतो. उन्हानेही रंग थोडा उतरतो, म्हणून नुसता डाग उघडा ठेवू नका, अख्खी पिशवी पसरा आणि मध्ये एकदा पलटा. छपाईवर ब्रश फिरवू नका. रंगीत पिशवी असेल तर आतल्या शिवणीच्या मायेवर एक थेंब लावून, पांढऱ्या फडक्याने दाबून बघा रंग सुटतो का.

स्वयंपाकघरातली फडकी रोजचीच. प्रत्येक डागाला एवढं कोण करणार?

कोणीच नाही, मीही नाही. रोजच्या फडक्यांसाठी आठवड्यातून एकदा उकळणं पुरतं. रात्री लिक्विडच्या पाण्यात भिजत घाला. सकाळी ते पाणी टाकून द्या, नव्या पाच लिटर पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालून पंधरा-वीस मिनिटं उकळा. टोप स्टीलचा घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या टोपाला सोडा खातो आणि टोप काळा पडतो. चिंचेचं फडकं त्यात टाकू नका, ते आधी वेगळं धुऊन घ्या.

विहिरीला खाडीचं मचूळ पाणी असेल तर साबणाचा फेसच येत नाही आणि पांढरा थर कापडावर बसतो. त्या थरात तेल अडकतं, फडकी करडी आणि कडक होतात. तिथे वडी बाजूला ठेवा, लिक्विड किंवा पावडर वापरा आणि शेवटचं खळबळणं पावसाच्या साठवलेल्या पाण्यात करा.

वर्षभर कपाटात राहिलेला डाग, पिवळा आणि चिकट. काही आशा?

थोडी. जुनं तेल हवेने घट्ट होऊन राळेसारखं झालेलं असतं, त्याला लिक्विड वरवर लागतं आणि निघून जातं. अशा डागावर ताजं खोबरेल चोळा. ऐकायला उलटं वाटतं, पण तेलच तेलाला मऊ करतं आणि अडकलेला मिरचीचा रंगही नव्या तेलात उतरतो. रात्रभर ठेवा, सकाळी फडक्याने टिपा आणि मग कोरड्यावरच लिक्विडची नेहमीची पद्धत. खवट वास येत असेल तर तो तेलाचाच. वासासाठी वेगळं काही करू नका, तेल गेलं की वास जातो.

सगळं केलं, तरी एक तपकिरी डाग जागचा हलत नाही. चिंचेचाच आहे हे नक्की.

नक्की? एप्रिल-मेमध्ये त्याच फडक्याने तुम्ही कैऱ्या पुसल्या असतील किंवा काजूची बोंडं उचलली असतील. कैरीच्या देठाचा चीक लागताना पाण्यासारखा दिसतो आणि दोन दिवसांनी तपकिरी होतो. बोंडाच्या रसाचंही तसंच, आणि काजूच्या टरफलातल्या तेलाचा डाग तर कापडाबरोबरच जातो. बिब्ब्याने तर धोबी कपड्यांवर खुणा करायचे, का ते यावरून समजा. ओळखायची खूण अशी: चिंचेचा डाग धुताना दर वेळी थोडा तरी फिका होतो. चिकाचा डाग पहिल्या धुण्यानंतर जसा होता तसाच चौथ्या धुण्यानंतरही असतो, आणि त्याच्या कडा स्पष्ट असतात.

असल्या फडक्याच्या मागे लागू नका. माझ्याकडच्या अशा टॉवेलांचे चौकोन कापून मी बरणीचे दादरे केले आहेत. त्यांना पुढच्या मेमध्ये लोणच्याचं तेल लागणारच आहे.